दुपारी तीन वीसचे भाव

४ जून २०२४. लोकसभा निवडणुकीची मतमोजणी चालू होती आणि तिकडे शेअर बाजार कोसळत होता. आदल्या दिवशी, सोमवारी, एक्झिट पोलच्या जोरावर उसळलेला निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला होता. मंगळवारी तो २१,८८४.५० वर बंद झाला. एका दिवसात १,३७९ अंक गेले. या दोन दिवसांचा अभ्यास करायला बसलेल्या माणसाला पहिल्यांदा सुचेल तो प्रश्न अगदी साधा आहे. सोमवारी दुपारी कुणाला पडझडीपासून बचाव म्हणून २२,००० चा पुट ऑप्शन घ्यायचा असता, तर त्याला तो नेमका किती रुपयांना मिळाला असता?

उत्तर सापडेल असं वाटतं, कारण राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, रोज संध्याकाळी दिवसभराच्या सगळ्या सौद्यांचा गोषवारा देणारी फाईल फुकट देतो. तिला भावकॉपी म्हणतात. प्रत्येक ऑप्शनचा उघडतानाचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद भाव त्यात असतो, किती करारांचे सौदे झाले आणि किती करार उभे राहिले हेही असतं. मात्र त्या क्षणी विकणारा किती भाव मागत होता, घेणारा किती द्यायला तयार होता आणि त्याच क्षणी निफ्टी कुठे होता, हे भावकॉपीत नसतं. ती माहिती त्या दिवशी दुपारी पडद्यावर होती आणि पडद्याबरोबरच गेली. त्या आठवड्याची मुदत गुरुवारी, ६ जूनला संपली आणि ते करार बाजाराच्या चालू यादीतूनही निघून गेले. मोठ्या संस्था बाजाराकडून जुना तपशीलवार डेटा विकत घेतात. घरी बसून अभ्यास करणाऱ्याला स्वस्तातला मार्ग एकच: रोज ठरलेल्या वेळी संपूर्ण ऑप्शन चेन उचलायची आणि आपल्या डेटाबेसमध्ये ठेवायची. हे काम नीट कसं करायचं आणि ते कुठे फसतं, ते इथे पाहू.

ऑप्शन चेन म्हणजे एक मोठा तक्ता. मधल्या रकान्यात स्ट्राइक, म्हणजे ठरलेले भाव: २४,०००, २४,०५०, २४,१०० असे. डावीकडे कॉल, म्हणजे त्या भावाने घेण्याचा हक्क. उजवीकडे पुट, म्हणजे त्या भावाने विकण्याचा हक्क. हा हक्क मिळवण्यासाठी जी किंमत मोजावी लागते तो प्रीमियम. निफ्टीच्या बाबतीत प्रत्यक्ष काही घ्यायचं-द्यायचं नसतं, मुदतीच्या दिवशी फरकाचे पैसे मिळतात. प्रत्येक स्ट्राइकसमोर चार-पाच आकडे महत्त्वाचे: बिड, म्हणजे घेणाऱ्याने लावलेला सर्वांत चढा भाव, आस्क, म्हणजे विकणाऱ्याने लावलेला सर्वांत उतरता भाव, एलटीपी, म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव, दिवसभराची उलाढाल, आणि ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटवलेले करार. एकाच वेळी अनेक मुदती चालू असतात आणि प्रत्येक मुदतीचा असा वेगळा तक्ता असतो.

बहुतेक लोक चेन पाहताना एलटीपीकडे पाहतात, आणि साठवतानाही तोच आकडा साठवतात. सगळ्या कामाचा पाया इथेच बिघडतो, म्हणून हे एका उदाहरणातून सविस्तर पाहू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण बाजारात रोज दिसतात तसेच आहेत.

दुपारचे तीन वीस झालेत, निफ्टी २४,८०० वर आहे आणि मुदत संपायला १६ दिवस आहेत असं धरा. २४,००० चा पुट बाजारभावापासून बराच लांब आहे. त्याला बिड ६१.२० आणि आस्क ६१.८०, म्हणजे मधला भाव ६१.५०. त्याच स्ट्राइकचा कॉल मात्र महाग आहे, कारण निफ्टी आधीच ८०० अंक वर आहे. इतका महाग ऑप्शन फार कुणी घेत नाही. त्याला बिड ९२५.१० आणि आस्क ९३३.४०, मधला भाव ९२९.२५. पण एलटीपीच्या रकान्यात १,०१२ लिहिलेलं आहे. हा सौदा सकाळी अकरा वाजता झाला होता, तेव्हा निफ्टी शंभरेक अंक वर होता. त्यानंतर या कॉलमध्ये सौदाच झाला नाही, म्हणून तो आकडा तसाच राहिला.

आता यातला कोणता आकडा खरा, हे तपासायला बाजारानेच एक कसोटी दिली आहे. एकाच स्ट्राइकचा आणि एकाच मुदतीचा कॉल घेतला आणि पुट विकला, तर हाती येतं ते निफ्टीच्या फ्युचरसारखंच काहीतरी. म्हणून स्ट्राइकमध्ये कॉलचा भाव मिळवला आणि पुटचा भाव वजा केला की त्या मुदतीला बाजार निफ्टी कुठे धरून चालला आहे, तो आकडा जवळजवळ मिळतो. आपल्या उदाहरणात मधले भाव घेतले तर २४,००० अधिक ९२९.२५ वजा ६१.५०, म्हणजे २४,८६७.७५. निफ्टी २४,८०० वर आहे, वर १६ दिवसांचं व्याज साधारण ७० अंकांचं, उत्तर जुळतं. शेजारच्या दहा स्ट्राइकवर हेच गणित केलं तरी उत्तरं दोन-तीन अंकांच्या आत येतील. आता कॉलचा मधला भाव काढून तिथे एलटीपी ठेवा. उत्तर येतं २४,९५०.५०. एकच स्ट्राइक बाकी सगळ्यांपेक्षा ८० अंक वेगळं बोलतो. असं बाजारात खरोखर घडलं असतं, तर त्या ८० अंकांचा नफा उचलायला संगणक सेकंदही थांबले नसते.

ही चूक पुढे किती वाढते ते पाहा. संशोधनात प्रीमियमवरून उलटं गणित करून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी काढतात. पुढे बाजार किती हलेल असं लोकांना वाटतं, त्याचा तो अंदाज. मधल्या भावावरून या स्ट्राइकची व्होलॅटिलिटी सुमारे १६ टक्के येते, कॉलवरून काढा नाहीतर पुटवरून. त्या शिळ्या एलटीपीवरून ती २२ टक्क्यांवर जाते. वर्षभराच्या नोंदी अशा एलटीपीवर उभ्या केल्या, तर आलेखावर अधूनमधून उंच सुळके दिसतात आणि अभ्यासक त्यात भीतीची लाट शोधत बसतो. प्रत्यक्षात तिथे फक्त सौदे झालेले नसतात.

म्हणून माझा आग्रह असा, की बिड, आस्क आणि त्या क्षणीचा निफ्टी हे तीन आकडे एकत्र साठवल्याशिवाय या नोंदीला अर्थ नाही. बाकीचं बरंचसं संध्याकाळी भावकॉपीतून मिळतंच. एलटीपी ठेवायला हरकत नाही, पण त्याच्याशेजारी शेवटचा सौदा कधी झाला ती वेळही ठेवावी, म्हणजे तो ताजा की शिळा हे पुढे कळेल.

एकत्र म्हणजे अगदी एकाच वेळचे. अमेरिकेत या विषयाच्या संशोधकांची मोठी भिस्त ऑप्शनमेट्रिक्स या कंपनीच्या संग्रहावर असते. त्यात १९९६ पासूनच्या दिवसाअखेरच्या बिड आणि आस्कच्या नोंदी आहेत. त्यांनीही २००८ मध्ये भाव टिपण्याची वेळ बाजार बंद होण्याच्या एक मिनिट आधीची केली, कारण शेअर आणि ऑप्शन यांचे भाव एकाच क्षणाचे हवे होते. आपल्याकडे हा प्रश्न आणखी टोकदार आहे. निफ्टीचा जाहीर होणारा बंद भाव हा साडेतीन वाजताचा भाव नसतो. आजवर तो शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सरासरी भावांवरून ठरत आला आहे. शेवटच्या दहा मिनिटांत बाजार जोरात हलला, तर जाहीर बंद भाव आणि प्रत्यक्ष निफ्टी यांत पन्नास-साठ अंकांचंही अंतर पडू शकतं. ऑप्शनचे भाव मात्र प्रत्यक्ष निफ्टीच्या मागे धावत असतात. त्यामुळे ऑप्शनचा साडेतीनचा भाव आणि निफ्टीचा बंद भाव शेजारी ठेवून गणित केलं की ते चुकतं, आणि का चुकलं ते आकड्यांकडे पाहून कळतही नाही.

तीन वीस ही वेळ मी सुचवतो ती यासाठीच. तेव्हा बाजार भरात असतो, दोन्ही बाजूंना भाव लागलेले असतात आणि शेवटच्या मिनिटांची आवराआवर सुरू झालेली नसते. तीन पंधरा घेतलं तरी चालेल. रोज तीच वेळ असणं जास्त महत्त्वाचं, कारण ऑप्शनचा प्रीमियम वेळेबरोबर झिजतो. एक दिवस दुपारी दोनला आणि दुसऱ्या दिवशी सव्वातीनला टिपलेल्या भावांची तुलना सरळ करता येत नाही, आणि मुदतीच्या दिवशी तर मुळीच नाही.

भाव आणायचे कुठून? एनएसईच्या संकेतस्थळावर चेन सगळ्यांना दिसते, पण तिथून यंत्राने आपोआप माहिती ओढायला त्यांच्या अटी आड येतात आणि असे प्रयत्न अडवलेही जातात. रोज बिनचूक चालायला हवं असं काम त्याच्यावर टाकू नये. बहुतेक मोठे ब्रोकर आपल्या खातेदारांना एपीआय देतात. आपल्या प्रोग्रॅमने मागणी केली की ते भाव पाठवतात. तोच रस्ता बरा. तो डेटा स्वतःच्या अभ्यासापुरता असतो, पुढे वाटायचा नसतो, एवढं लक्षात ठेवावं.

एपीआयला एका मागणीत ठरावीक संख्येनेच करार विचारता येतात आणि दोन मागण्यांत थोडं थांबावं लागतं. त्यामुळे पूर्ण चेन उचलायला काही सेकंद जातात आणि तेवढ्यात निफ्टी हलू शकतो. यावर सोपा उपाय आहे: सुरुवातीला निफ्टीचा भाव टिपायचा, चेन उचलायची आणि शेवटी निफ्टी पुन्हा टिपायचा. दोन आकड्यांत पाच-सात अंकांपेक्षा जास्त फरक दिसला, तर ती फेरी टाकून लगेच दुसरी घ्यायची. जी फेरी ठेवली तिचे दोन्ही आकडे डेटाबेसमध्ये जाऊ द्यावेत, म्हणजे पाच वर्षांनी वाचणाऱ्यालाही त्या दिवशीच्या नोंदीवर किती भरवसा ठेवायचा ते कळेल.

आता डेटाबेस. त्यासाठी सर्व्हर वगैरे लागत नाही. एसक्यूलाइट हा फुकट मिळणारा डेटाबेस सगळी माहिती एकाच फाईलमध्ये ठेवतो आणि या कामाला पुरेसा आहे. हिशेब करून पाहा: तीन मुदती, प्रत्येकीत साधारण शंभर स्ट्राइक, प्रत्येकाचे कॉल आणि पुट, म्हणजे रोजच्या ६०० ओळी. वर्षात बाजार अडीचशेच्या आसपास दिवस चालतो, म्हणजे वर्षाला दीड लाख ओळी. एका ओळीला शंभर बाइट धरले तरी १५ एमबी. मोबाइलवरच्या चार-पाच फोटोंएवढी जागा. जागा वाचवण्यासाठी काहीही गाळण्याची गरज नाही, हे या हिशेबातून पुरेसं स्पष्ट होतं.

तक्ते दोन. एकात रोजची एकच ओळ: कधी टिपलं आणि निफ्टी कुठे होता. दुसऱ्यात प्रत्येक कराराची ओळ.

```sql
CREATE TABLE snapshot (
  id          INTEGER PRIMARY KEY,
  symbol      TEXT NOT NULL,
  trade_date  TEXT NOT NULL,
  exch_time   TEXT NOT NULL,
  saved_at    TEXT NOT NULL,
  spot_before REAL,
  spot_after  REAL,
  UNIQUE (symbol, trade_date)
);
CREATE TABLE quote (
  snapshot_id INTEGER NOT NULL REFERENCES snapshot(id),
  expiry      TEXT NOT NULL,
  strike      REAL NOT NULL,
  kind        TEXT NOT NULL CHECK (kind IN ('CE','PE')),
  bid REAL, bid_qty INTEGER,
  ask REAL, ask_qty INTEGER,
  ltp REAL, ltt TEXT,
  oi  INTEGER, volume INTEGER,
  lot INTEGER NOT NULL,
  PRIMARY KEY (snapshot_id, expiry, strike, kind)
);
```

यातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. `trade_date` ही तारीख आपल्या संगणकाच्या घड्याळावरून घ्यायची नाही, बाजाराने भावासोबत पाठवलेल्या वेळेवरून घ्यायची. सुट्टीच्या दिवशी एपीआय बंद नसतो; विचारलं की तो आदल्या दिवसाचे शेवटचे भाव मुकाट्याने देतो. संगणकाच्या घड्याळावर भरवसा ठेवला, तर १५ ऑगस्टच्या नावाने १४ तारखेचे भाव जाऊन बसतात आणि बाजार एक दिवस अजिबात हलला नाही असं चित्र तयार होतं. बाजाराची तारीख घेतली आणि एका तारखेला एकच नोंद अशी `UNIQUE` ची अट घातली, की डेटाबेस स्वतःच ती ओळ परत पाठवतो. सुट्ट्यांची यादी सांभाळायची गरज उरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. सोमवार ते शुक्रवार चालणारा प्रोग्रॅम अर्थसंकल्पाच्या शनिवारी, १ फेब्रुवारी २०२५ ला, झोपून राहिला असता. त्या दिवशी बाजार पूर्ण वेळ चालू होता आणि अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाचा दिवस होता. दिवाळीच्या मुहूर्ताचे सौदेही वेगळ्या वेळी होतात. १ नोव्हेंबर २०२४ ला ते संध्याकाळी सहाला सुरू झाले. म्हणून प्रोग्रॅम आठवड्याचे सातही दिवस चालवावा आणि नको ते डेटाबेसला गाळू द्यावं. मुहूर्ताची नोंद हवी असेल तर त्या दिवशी वेळ हाताने बदलावी. भाड्याच्या सर्व्हरवर काम चालत असेल तर त्याचं घड्याळ बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर असतं. आपले तीन वीस तिथे सकाळचे नऊ पन्नास होतात.

करार ओळखण्यासाठी मी मुदत, स्ट्राइक आणि कॉल की पुट हे तिन्ही वापरले आहेत. बाजार प्रत्येक कराराला एक टोकन क्रमांक देतो आणि तो छोटा, सुटसुटीत असल्यामुळे तोच ओळख म्हणून वापरण्याचा मोह होतो. पण मुदत संपली की तोच क्रमांक पुढे दुसऱ्या कराराला मिळू शकतो. सहा महिन्यांनी एकाच टोकनखाली जूनचा पुट आणि डिसेंबरचा कॉल सापडला, की ती गाठ सोडवणं जवळपास अशक्य होतं.

रिकाम्या जागेचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण पुढे तोच सर्वांत जास्त सतावतो. लांबच्या स्ट्राइकला कधीकधी घेणाराच नसतो आणि एपीआय बिडच्या जागी शून्य पाठवतो. तो शून्य भाव नव्हे. भाव नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो शून्य म्हणूनच साठवला, तर पुढे कुणीतरी बिड आणि आस्कची सरासरी काढेल आणि ०.१० आस्क असलेल्या ऑप्शनला ०.०५ ही किंमत चिकटेल. तिथे `NULL` ठेवावं, म्हणजे सरासरीही रिकामीच येईल. सगळीच्या सगळी चेन शून्य आली, तर मात्र तो बाजाराचा प्रश्न नाही, आपल्या जोडणीचा आहे. अशी फेरी साठवायचीच नाही. कालच्यापेक्षा आज ओळी एकदम निम्म्या आल्या, तरी प्रोग्रॅमने ओरडायला हवं.

आता पुन्हा जून २०२४ कडे वळू, कारण कोणते स्ट्राइक ठेवायचे या प्रश्नाचं उत्तर त्या दोन दिवसांत आहे. लोक सहसा निफ्टीच्या आसपासचे दहा-वीस स्ट्राइक ठेवतात आणि लांबचे सोडतात. सोमवारी, ३ जूनला, निफ्टीपासून एक हजार अंक खाली आणि एक हजार अंक वर एवढे स्ट्राइक कुणी ठेवले असते, तर त्याची सर्वांत खालची ओळ २२,२५० किंवा २२,३०० च्या आसपास पडली असती. दुसऱ्या दिवशी निफ्टी त्याहून जवळपास चारशे अंक खाली बंद झाला. म्हणजे मंगळवारी ज्या स्ट्राइकच्या आसपास सगळी झुंबड होती, त्यांचा सोमवारचा भाव त्या संग्रहात नसताच. अभ्यासायला योग्य असे दिवस हे नेमके असेच असतात, की जेव्हा लांबचं एकदम जवळ येतं. म्हणून चेन उचलायची तर अख्खी. वर दाखवलेला १५ एमबीचा हिशेब यासाठीच होता.

बाजाराचे नियम बदलतात आणि त्याचा ठसा नोंदींवर उमटतो. सेबीने १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात निर्देशांकाच्या कराराची किमान रक्कम १५ लाख केली, आणि त्यापुढे निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. हा बदल नव्याने सुरू होणाऱ्या करारांना आधी लागला आणि चालू करार जुन्याच लॉटवर राहिले; त्यामुळे काही आठवडे एकाच दिवशीच्या चेनमध्ये दोन्ही प्रकारचे लॉट होते. आता ओपन इंटरेस्टचं पाहा. एनएसईच्या संकेतस्थळावरच्या चेनमध्ये तो करारांच्या संख्येत दाखवतात, तर भावकॉपीत आणि काही एपीआयमध्ये तो एकूण नगांत असतो. एक लाख करार म्हणजे जुन्या लॉटने २५ लाख नग आणि नव्याने ७५ लाख. करारांची संख्या साठवली आणि लॉट साठवला नाही, तर नोव्हेंबर २०२४ नंतर लोकांचा ओपन इंटरेस्ट अचानक आटला असं आलेख सांगेल. म्हणून `lot` हा रकाना प्रत्येक ओळीत आहे आणि `oi` नेहमी नगांतच ठेवायचा, असा नियम पहिल्याच दिवशी करून टाकावा.

मुदतीच्या तारखेचंही तसंच. निफ्टीची मुदत वर्षानुवर्षं गुरुवारी संपायची. १ सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारवर आली. येत्या गुरुवारची तारीख काढून मुदत ठरवणारे प्रोग्रॅम त्या आठवड्यापासून निरुपयोगी झाले. मुदत गणिताने काढायची नाही, बाजाराच्या यादीत जी तारीख असेल तीच जशीच्या तशी घ्यायची. दूरच्या मुदतींचे जे करार आधीपासून चालू होते, त्यांच्या तारखाही सरकल्या. म्हणजे एकाच कराराची नोंद आपल्या संग्रहात दोन वेगळ्या तारखांखाली सापडते. ते दुरुस्त करायला मूळ ओळी बदलू नयेत. जुनी तारीख आणि नवी तारीख अशी जोडी सांगणारा एक छोटा तिसरा तक्ता ठेवावा आणि वाचताना त्याचा आधार घ्यावा. शेअरांच्या ऑप्शनमध्ये हे आणखी वाढतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, तेव्हा स्ट्राइक निम्मे झाले आणि लॉट २५० चा ५०० झाला. २,८०० चा कॉल दुसऱ्या दिवशी १,४०० चा कॉल म्हणून दिसू लागला. नवख्याने निफ्टीपासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, त्याचं कारण हेच.

व्होलॅटिलिटी, डेल्टा वगैरे आकडे मी तक्त्यात ठेवलेले नाहीत. ते मोजलेले नसतात, काढलेले असतात; कोणता व्याजदर धरला, मुदतीपर्यंतचे दिवस कसे मोजले, निफ्टी धरला की फ्युचर, यावर ते बदलतात. मूळ भाव हाती असले की ते कधीही, हव्या त्या पद्धतीने काढता येतात. याच कारणाने एपीआयकडून आलेलं मूळ उत्तर जसंच्या तसं दाबून रोजच्या तारखेच्या फाईलमध्ये बाजूला ठेवावं. आपल्या प्रोग्रॅममध्ये बिड आणि आस्कची अदलाबदल झाल्याचं चार महिन्यांनी लक्षात आलं, तर त्या फाईलींवरून सगळे तक्ते पुन्हा भरता येतात.

नोंद झाल्यावर लगेच तिची परीक्षा घ्यायची. मघाची कॉल आणि पुटची कसोटी इथे रोज कामी येते:

```sql
SELECT c.strike,
       c.strike + (c.bid + c.ask - p.bid - p.ask) / 2.0 AS fwd
FROM quote c
JOIN quote p ON p.snapshot_id = c.snapshot_id
            AND p.expiry = c.expiry
            AND p.strike = c.strike
WHERE c.kind = 'CE' AND p.kind = 'PE'
  AND c.snapshot_id = 412
  AND c.expiry = '2025-09-30'
ORDER BY c.strike;
```

निफ्टीच्या जवळच्या स्ट्राइकवर `fwd` चा आकडा जवळजवळ एकच यायला हवा. तिथेच तो विखुरलेला दिसला, तर भाव एका वेळचे नाहीत किंवा कुठेतरी रकाने चुकले आहेत. दोन्ही टोकांना मात्र तो विखुरतोच, कारण तिथे बिड आणि आस्कमधलं अंतर मोठं असतं. त्याने घाबरू नये, आणि ती टोकं पुसूनही टाकू नयेत. त्या अंतरातच पुढच्या संशोधनाचं खरं धन आहे. लांबचे ऑप्शन विकून रोज थोडा प्रीमियम कमावण्याची युक्ती बंद भावांवर तपासली की कागदावर छान दिसते. तीच युक्ती विकताना बिडला आणि परत घेताना आस्कला तपासा. दोन रुपयांच्या ऑप्शनमध्ये बिड १.८० आणि आस्क २.२० असेल, तर जाऊन-येऊन चाळीस पैसे, म्हणजे प्रीमियमचा पाचवा हिस्सा, वाटेतच जातो. हा हिशेब भावकॉपीवरून कुणालाच करता येत नाही. ज्याने तीन वीसला दोन्ही भाव टिपून ठेवले त्यालाच येतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. पहिला बिड आणि पहिला आस्क थोड्याच नगांसाठी असतो. `bid_qty` आणि `ask_qty` वरून मोठा सौदा त्या भावाने झाला नसता एवढं कळतं. किती भावाने झाला असता ते कळत नाही. दिवसातून एकदा टिपलेल्या चेनवरून दिवसभरात काय घडलं ते सांगता येत नाही: ४ जूनला दुपारी कुणाचा स्टॉपलॉस लागला असता आणि कुणाचा नाही, याला तीन वीसचा भाव उत्तर देणार नाही. मुदतीच्या दिवशी तर ऑप्शनचा निकाल निफ्टीच्या बंद भावावर लागतो आणि तीन वीसला त्या सरासरीचा बराचसा भाग आधीच ठरून गेलेला असतो. त्या दिवशीच्या नोंदीवरून काढलेली व्होलॅटिलिटी बाकी दिवसांच्या शेजारी ठेवू नये. अशा प्रश्नांसाठी मिनिटामिनिटाची नोंद लागते. तक्ते तेच चालतात, फक्त `trade_date` वरची अट काढून ती `exch_time` वर घालायची. मग दिवसाला ३७५ फेऱ्या होतात, वर्षाचे १५ एमबी साडेपाच जीबीच्या पुढे जातात, आणि पाच-सात अंकांच्या फरकासाठी फेरी टाकून पुन्हा घ्यायला वेळ उरत नाही.